'तू' की 'ती'? अरबी क्रियापदातल्या एकाच 'त'चा उलगडा

अरबीच्या वर्गात पहिल्या काही आठवड्यांत एक तक्ता फळ्यावर येतो. 'लिहिणे' या क्रियापदाचा वर्तमानकाळ. मी लिहितो म्हणजे 'अक्तुबु', आम्ही लिहितो म्हणजे 'नक्तुबु', तो लिहितो म्हणजे 'यक्तुबु'. इथवर सगळं सुरळीत असतं, कारण क्रियापदाच्या तोंडाशी एक अक्षर बदललं की माणूस बदलतो. मग येतं 'तक्तुबु', म्हणजे तू लिहितोस. त्यानंतर दोन ओळी खाली पुन्हा 'तक्तुबु', म्हणजे ती लिहिते. सुरुवातीचा 'त' तोच, मधले स्वर तेच, शेवटचा 'उ'ही तोच. कोणीतरी हमखास हात वर करतं, 'सर, इथे छपाईची चूक आहे का?'

चूक नाही. समोर उभा असलेला पुरुष आणि तिथे नसलेली बाई, दोघांसाठी अरबी वर्तमानकाळात एकच रूप आहे. आखातात नोकरीला निघालेले, विद्यापीठात अरबी घेतलेले, कुराण मुळातून वाचू पाहणारे असे सगळे मराठी भाषक या जागी अडखळतात. ऐकताना 'तू' आणि 'ती' वेगळे काढायला अरबांना क्षणही लागत नाही. ते नेमकं काय करतात, ते इथे पाहू.

### आधी आपलं घर पाहू

हे काही अरबीचंच खूळ नाही. फोनवर निरोप आला, 'पाचला येते.' कोण येते? निरोप पाठवणारी स्वतः, की जिच्याबद्दल सकाळी बोलणं झालं ती? 'मी येते' आणि 'ती येते' यांत मराठी क्रियापद एकच आहे. पुरुषांच्या बाबतीत तर तिघांची गर्दी आहे: मी येतो, तो येतो, आम्ही येतो. तरी आपला गोंधळ होत नाही, कारण निरोप कोणाकडून आला, आधी काय बोलणं झालं होतं, हे आपल्याला ठाऊक असतं. आपण तो हिशेब इतक्या पटकन करतो की हिशेब केल्याचं लक्षातही येत नाही.

फरक एवढाच की मराठीत बोलणारी आणि तिसरी व्यक्ती यांची सरमिसळ होते. 'तू' मात्र आपण 'येतोस', 'येतेस' असा 'स' लावून वेगळा ठेवला आहे. अरबीने 'मी' वेगळा ठेवला आणि सरमिसळ 'तू' आणि 'ती' यांच्यात होऊ दिली. म्हणून मराठी कान नेमका तिथे गाफील सापडतो जिथे त्याला कधी जपावं लागलेलं नाही.

### दोन वेगळे 'त', योगायोगाने एकसारखे

हे दोन 'त' मुळात एकच नाहीत, असं भाषेचे अभ्यासक सहसा सांगतात. 'तू'चा 'त' हा 'अन्त' या सर्वनामातला. 'अन्त' म्हणजे तू (पुरुष), 'अन्ति' म्हणजे तू (स्त्री). 'ती'चा 'त' मात्र स्त्रीलिंगाची खूण आहे. भूतकाळात तीच खूण शब्दाच्या शेवटी दिसते: 'कतब' म्हणजे त्याने लिहिलं, 'कतबत' म्हणजे तिने लिहिलं. वर्तमानकाळात दोघेही क्रियापदाच्या तोंडाशी येऊन बसले आणि एकसारखे दिसू लागले.

हे फार जुनं आहे. अरबीच्या बहिणी म्हणाव्यात अशा भाषांतही हीच जोडी सापडते. हिब्रूत 'तिख्तोव' म्हणजे तू (पुरुष) लिहिशील आणि ती लिहील, दोन्ही. तिथे हे रूप आज भविष्यकाळाचं आहे. इथिओपियाच्या अम्हारिकमध्येही तसंच. माल्टा बेटावरची माल्टी भाषा अरबीतूनच निघाली. तिने तर समोरच्या व्यक्तीचा स्त्री-पुरुष भेदही काढून टाकला, त्यामुळे तू (कोणीही) आणि ती, सगळ्यांना 'तिक्तेब' पुरतं. हजारो वर्षं इतक्या लोकांनी ही जोडी तशीच राहू दिली, म्हणजे ती रोजच्या व्यवहारात फारशी आड येत नसणार.

### पहिली नजर शेपटीकडे

सुरुवातीला 'त' दिसला की नवशिका तिथेच थबकतो. सवय असलेला माणूस आधी क्रियापदाचा शेवट पाहतो, कारण बहुतेक प्रश्न तिथेच मिटतात.

समोर बाई असेल तर रूप होतं 'तक्तुबीन'. शेवटी 'ईन' लागला की ती नक्की 'तू', आणि तीही स्त्री. समोर अनेक पुरुष किंवा मिश्र घोळका असेल तर 'तक्तुबून', म्हणजे तुम्ही. समोर फक्त बायका असतील तर 'तक्तुब्न'. या तिन्हींत सुरुवातीला 'त' आहे आणि तिन्ही निखालस समोरच्यांसाठी आहेत. काही शब्दांपाठोपाठ क्रियापद आलं की 'ईन'मधला 'न' गळतो, जसं 'लम तक्तुबी', म्हणजे तू (स्त्री) लिहिलं नाहीस. पण 'ई' शिल्लक राहते आणि तेवढी खूण पुरते.

आता गंमत पाहा. 'त्या लिहितात' याला अरबीत 'त' लागतच नाही. ते होतं 'यक्तुब्न', पुरुषांसारखा 'य' घेऊन. म्हणजे स्त्रीलिंगाचा 'त' एकटीला मिळतो, अनेकींना नाही. दोघींना मात्र मिळतो: 'तक्तुबान' म्हणजे तुम्ही दोघं, आणि त्या दोघीही. ही आणखी एक सरमिसळ, पण दोघांसाठीचं वेगळं रूप बोलीभाषांतल्या क्रियापदांत उरलेलं नाही. ते पुस्तकात आणि बातम्यांत भेटेल.

तर खरा पेच एवढाच उरतो: सुरुवातीला 'त' आणि शेवटी काहीच शेपूट नाही. अशा वेळी तो समोरचा एकटा पुरुष असतो किंवा समोर नसलेली एक 'ती'. समोरची बाई कधीच नाही. या शेवटच्या वाक्यातून पुढचं बरंचसं निघतं.

### क्रियापदामागे नाव आलं तर

अरबीत क्रियापद अनेकदा वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि कर्ता त्याच्या मागून. 'तक्तुबु मर्यमु' म्हणजे मर्यम लिहिते. हे 'तू लिहितोस, मर्यम' असं का वाचायचं नाही? कारण मर्यमला हाक मारून बोलत असतो तर 'तक्तुबीन, या मर्यम' म्हणावं लागलं असतं. शेपूट नाही, म्हणजे मर्यम समोर नाही. तिच्याबद्दल बोलणं चाललं आहे. उलट 'तक्तुबु, अहमद?' ऐकलं तर अहमद कर्ता होऊच शकत नाही, कारण अहमद लिहितो हे 'यक्तुबु' असतं. म्हणजे इथे अहमदला हाक मारली आहे आणि 'त' हा 'तू'चा आहे.

अरबी वैयाकरणांनी हे फार नेमकं मांडलं आहे. त्यांच्या मते अशा क्रियापदाच्या पोटात एक सर्वनाम लपलेलं असतं. त्याला ते 'मुस्ततिर' म्हणतात, म्हणजे झाकलेलं. 'तू'चं सर्वनाम लपणं सक्तीचं आहे. त्याच्या जागी कर्ता म्हणून दुसरं कोणी येऊ शकत नाही. 'अन्त' असं मोठ्याने म्हटलं तरी तो केवळ जोर असतो. 'ती'चं लपणं मात्र ऐच्छिक आहे. ती हवं तेव्हा बाजूला होते आणि तिच्या जागी मर्यम, आई, सरकार असं कोणतंही स्त्रीलिंगी नाम येऊन बसतं. 'त'वाल्या क्रियापदाला मागून खरा कर्ता मिळाला की तो 'त' निश्चितपणे 'ती'चा.

पण अडचण 'खरा कर्ता' या शब्दांत आहे. 'तुहिब्ब मर्यम' हे तीन अक्षरी क्रियापद आणि एक नाव घ्या. 'तुहिब्ब' म्हणजे प्रेम करणे, आवडणे. बोलताना शेवटचे छोटे स्वर गळतात आणि छापतानाही ते कोणी लिहीत नाही. मग या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात. मर्यम प्रेम करते. तुझं मर्यमवर प्रेम आहे. किंवा आधी उल्लेख झालेल्या दुसऱ्या कुणा 'ती'चं मर्यमवर प्रेम आहे. शुद्ध, स्वरांसह उच्चारलेल्या अरबीत पहिला अर्थ लगेच सुटतो, कारण कर्ता असेल तर 'मर्यमु', आणि कर्म असेल तर शेवटी 'उ'ऐवजी 'अ'. पण त्यातही दुसरा आणि तिसरा अर्थ एकमेकांना चिकटून राहतात.

बोलीत काय होतं? वाक्य पुढे सरकतं आणि गाठ सुटते. 'तुहिब्ब मर्यम अल-कहवा' म्हटलं की मागे दोन नामं आली. कॉफी ही आवडणारी वस्तू, मग मर्यम कर्ता: मर्यमला कॉफी आवडते. वाक्य 'तुहिब्ब मर्यम?' असं सुरात वर चढत संपलं आणि समोर एक तरुण लाजत उभा असला, तर अर्थ कोणाला सांगावा लागत नाही.

### क्रियापदाला चिकटलेला 'क'

अरबीत 'मला', 'तुला', 'तिला' हे शब्द सहसा सुटे येत नाहीत, क्रियापदाच्या शेवटाला चिकटतात. 'नी' म्हणजे मला, 'क' म्हणजे तुला (पुरुष), 'हा' म्हणजे तिला. यातला 'क' हा माझ्या मते सगळ्यात हुकमी पुरावा आहे, आणि पाठ्यपुस्तकं त्याच्याबद्दल उगाच गप्प बसतात.

'तुहिब्बुक' घ्या. शेवटी 'तुला' आहे. 'तू तुला आवडतोस' असं अरबीत या पद्धतीने म्हणता येत नाही; स्वतःविषयी बोलायचं तर 'नफ्स' हा शब्द वेगळा घालावा लागतो. म्हणून 'तू' हा अर्थ आपोआप बाद होतो आणि एकच उरतो: तिचं तुझ्यावर प्रेम आहे. (जुन्या अरबीत 'वाटणे', 'दिसणे' अशा मनाच्या व्यापाराच्या मोजक्या क्रियापदांना या नियमातून सूट होती. रोजच्या वाचनात ती क्वचितच भेटते.)

'तुहिब्बुहा' मात्र तसं सुटत नाही. तू तिच्यावर प्रेम करतोस, किंवा एक 'ती' दुसऱ्या 'ती'वर, म्हणजे आई मुलीवर वगैरे. आणि 'तुहिब्बुनी', म्हणजे 'माझ्यावर प्रेम करतोस' की 'करते', हे तर शेवटपर्यंत लोंबकळतं.

नामांना चिकटणाऱ्या 'तुझं', 'तिचं' यांवर मात्र फार विसंबू नये. 'तक्तुबु इस्महा' यात 'इस्महा' म्हणजे तिचं नाव. म्हणून बरेच विद्यार्थी 'ती तिचं नाव लिहिते' असं ठोकून देतात. बहुतेक वेळा बरोबरही निघतं. पण 'तू तिचं नाव लिहितोस' हेही तितकंच शुद्ध आहे. समोरच्या पुरुषाला एखाद्या मुलीचा फॉर्म भरायला सांगत असाल तर तोच अर्थ लागेल.

### 'ती' म्हणजे दर वेळी बाई नव्हे

अरबी वर्तमानपत्र उघडलं की पानभर 'त'ने सुरू होणारी क्रियापदं दिसतात. त्यांतल्या बहुतेकांचा कोणत्याही स्त्रीशी संबंध नसतो. सरकार ('हुकूमा') स्त्रीलिंगी, कंपनी ('शरिका') स्त्रीलिंगी, बहुतेक देशांची नावं स्त्रीलिंगी. सूर्य ('शम्स'), जमीन ('अर्द'), युद्ध ('हर्ब') यांच्या शेवटी स्त्रीलिंगाची कोणतीही खूण नाही, तरी व्याकरणात त्या 'ती'च आहेत. मराठीत सूर्य 'तो' असल्यामुळे आपण इथे हमखास फसतो: सूर्यासाठी आलेलं 'त'चं क्रियापद दिसलं की 'ती' कुठे दिसत नाही म्हणून 'तू' वाचून मोकळे होतो.

त्याहून मोठा नियम असा की माणूस सोडून इतर कशाचंही अनेकवचन एकवचनी स्त्रीलिंगासारखं वागतं. गाडी एक असो वा शंभर, 'अस-सय्यारातु तकिफु' म्हणजे गाड्या थांबतात, आणि क्रियापद तेच जे 'ती थांबते'साठी असतं. पुस्तकं, कुत्रे, किमती, बातम्या, सगळ्यांना हाच 'त'. त्यामुळे छापील मजकुरात शेपटीविना 'त' दिसला तर माझा पहिला अंदाज 'ती' किंवा 'त्या वस्तू' असतो, आणि समोरासमोरच्या बोलण्यात पहिला अंदाज 'तू'. अंदाज चुकतो, पण कमी वेळा.

आखातात कामाला जाणाऱ्यांच्या हाती पडणाऱ्या करारपत्रात याचा थेट उपयोग आहे. करारात 'तू' कुठेच नसतो. तो तिसऱ्या पुरुषात लिहिलेला असतो. 'तल्तजिमु अश-शरिका' म्हणजे कंपनी बांधील आहे. 'यल्तजिमु अल-आमिल' म्हणजे कामगार बांधील आहे. क्रियापदाचं पहिलं अक्षर पाहिलं की ही जबाबदारी कोणाच्या गळ्यात आहे ते कळायला सुरुवात होते. मात्र पुढचं नाम वाचल्याशिवाय थांबू नये. अनेक करारांत कंपनीऐवजी 'पहिला पक्ष' किंवा 'मालक' असं लिहिलेलं असतं. ते दोन्ही शब्द पुल्लिंगी, मग दोन्ही बाजूंना 'य' येतो आणि ही युक्ती बंद पडते.

झेरॉक्सवरून वाचणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. शब्दाच्या सुरुवातीला अरबी 'त' आणि 'य' यांचा आकार अगदी सारखा असतो, एक लहानसा दात. 'त'ला वर दोन टिंबं आणि 'य'ला खाली दोन टिंबं, एवढाच फरक. 'न'ला वर एकच टिंब. पुसट प्रतीत टिंबं उडाली की 'ती', 'तो' आणि 'आम्ही' एकाच दातावर येऊन बसतात. मग पुढचं नाम पुल्लिंगी आहे की स्त्रीलिंगी, यावरूनच अक्षर ठरवावं लागतं.

### दवाखान्यातला प्रश्न

बोलण्यात पेच कसा उभा राहतो ते पाहायचं तर आखातातला एखादा दवाखाना डोळ्यांपुढे आणा. नवरा-बायको डॉक्टरांसमोर बसले आहेत, पोट बायकोचं दुखतंय आणि मोडकंतोडकं अरबी येतं ते नवऱ्याला. डॉक्टर विचारतात, 'तहिस्स ब-अलम?' दुखतंय का?

डॉक्टर बायकोकडे वळून विचारत असते तर 'तहिस्सीन' म्हणाले असते. आखाती बोलींत 'ईन' टिकून आहे. इजिप्त आणि सीरियाकडे नुसता 'ई' उरतो. शेपूट नाही, म्हणजे प्रश्न नवऱ्याला उद्देशून आहे. पण तो नवऱ्याबद्दल आहे की बायकोबद्दल, हे क्रियापद सांगत नाही: 'तुला दुखतं का' आणि 'तिला दुखतं का', दोन्ही 'तहिस्स'. इथे पेशंट कोण हे ठाऊक असल्यामुळे अर्थ लागतो. पण दोघंही तपासायला आले असतील, तर नवऱ्याने नुसतं 'हो' म्हणून मान हलवणं धोक्याचं. डॉक्टर कोणाच्या कागदावर काय लिहितील याची खात्री नाही.

अरब माणूस अशा वेळी काय करतो? क्रियापदात काही दुरुस्ती करता येत नाही, म्हणून तो सर्वनाम बाहेर काढतो. 'हिया तहिस्स?' म्हणजे तिला दुखतंय का. 'इन्त तहिस्स?' म्हणजे तुला. उत्तर देणाऱ्यानेही 'हो'वर न थांबता पूर्ण क्रियापद वापरावं. 'अहिस्स' म्हटलं की मला, आणि 'हिया तहिस्स' म्हटलं की तिला. उत्तरात 'तू' येण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे उत्तरातला 'त' हा नेहमी 'ती'चाच. संभाषणात बाजू बदलली की निम्मा गोंधळ असाच निघून जातो: मी विचारताना जो 'त' तुझा होता, तो तू उत्तर देताना 'अ' होतो.

### 'जेर-जबर लावले की सुटेल ना?'

हा आक्षेप बहुतेकांच्या मनात येतो, विशेषतः उर्दू येणाऱ्यांच्या. अरबी लिपीत छोटे स्वर सहसा लिहीत नाहीत. ते चिन्हांनी दाखवले, म्हणजे उर्दूवाले ज्याला जेर, जबर, पेश म्हणतात ते लावले, तर कितीतरी संदिग्ध शब्द स्पष्ट होतात. भूतकाळ त्याचं उत्तम उदाहरण आहे. क-त-ब-त ही चार व्यंजनं नुसती लिहिली तर 'कतब्तु' (मी लिहिलं), 'कतब्त' (तू लिहिलंस, पुरुष), 'कतब्ति' (तू, स्त्री) आणि 'कतबत' (तिने) असे चार शब्द त्यात बसतात. शेवटच्या स्वरांसह उच्चारले तर चौघं वेगळे ऐकू येतात आणि स्वरचिन्हं लावली की कागदावरही वेगळे होतात.

वर्तमानकाळातल्या 'तू' आणि 'ती'ला हा इलाज लागू नाही. 'तक्तुबु'वर सगळी चिन्हं चढवा, दोन्ही अर्थांत ती तंतोतंत सारखीच असतात. हा कागदावरचा गोंधळ नसून ही भाषेतलीच एकरूपता आहे. स्वरचिन्हं दुसरीच एक मदत करतात: समोरचा शब्द वर्तमानकाळाचा आहे की नाही हे ती सांगतात. कारण 'त'ने सुरू होणारा प्रत्येक शब्द वर्तमानकाळी असेलच असं नाही. त-अ-ल-म ही अक्षरं 'तअलमु' असतील तर तू जाणतोस किंवा ती जाणते, 'तुअल्लिमु' असतील तर तू शिकवतोस किंवा ती शिकवते. पण 'तअल्लम' असतील तर 'तो शिकला', भूतकाळ, आणि तिथला 'त' ना 'तू'चा ना 'ती'चा. तो त्या क्रियापदाच्या अंगचाच आहे. नवशिके सूर्याच्या बाबतीत फसतात तसेच इथेही फसतात, फक्त उलट्या दिशेने.

'मग दर वेळी सर्वनामच का नाही लावत?' हाही प्रश्न येतो. लावता येतं, पण अरबी कानाला ते जड वाटतं. मराठीत प्रत्येक वाक्यात 'तू, तू' केलं की भांडणाचा सूर येतो, तसंच ते.

### एकाच वाक्यात दोन्ही 'त'

कुराणातल्या अठराव्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, सतराव्या आयतीत, गुहेत झोपलेल्या तरुणांचं वर्णन आहे. त्याची सुरुवात अशी: 'व तरा अश-शम्स...' आणि तुला सूर्य दिसेल, तो उगवताना त्यांच्या गुहेपासून उजवीकडे कलणारा. 'तरा' म्हणजे पाहणे, आणि ते शेपटीविना 'त'चं क्रियापद आहे. सूर्य व्याकरणाने 'ती'. मग सूर्य पाहतोय का? नाही, कारण 'शम्स'च्या शेवटी कर्त्याचा 'उ' नसून कर्माचा 'अ' आहे. सूर्य दिसणारा झाला, पाहणारा नव्हे. पाहणारी दुसरी कोणी 'ती' मागच्या वाक्यांत नाही, म्हणून पाहणारा 'तू', म्हणजे ऐकणारा.

चार शब्दांनंतर 'तजावरु' येतं, कलणे. तोच 'त', पण आता मागे स्त्रीलिंगी 'शम्स' नुकताच येऊन गेला आहे आणि मधल्या 'तलअत' (उगवली) या भूतकाळी क्रियापदाने स्त्रीलिंगाची खूणही दिली आहे. हा 'त' सूर्याचा. वाचणारा एका दमात 'तू'वरून 'ती'वर येतो, आणि त्याला ठेच लागत नाही.

### जिथे गाठ सुटतच नाही

नवव्या सूऱ्याची एकशे तिसरी आयत याहून अवघड आहे. तिचा आरंभ आज्ञेने होतो: 'खुज मिन अम्वालिहिम सदकतन', त्यांच्या संपत्तीतून सदका (दान) घे. पुढे लगेच 'तुतह्हिरुहुम', शुद्ध करणे, आणि शेवटी 'हुम' म्हणजे त्यांना. शेपूट नाही. कोण शुद्ध करतं?

आता दोन्ही उमेदवार हजर आहेत आणि दोघांचाही हक्क पक्का आहे. 'घे' ही आज्ञा एका पुरुषाला, म्हणजे पैगंबरांना, उद्देशून आहे. म्हणून 'तू' समोर उभा आहे. 'सदका' स्त्रीलिंगी आहे आणि क्रियापदाला अगदी लागून आलेला आहे. म्हणून 'ती'ही शेजारीच आहे. एका वाचनात अर्थ होतो, 'त्यांना शुद्ध करील असा सदका घे.' दुसऱ्यात, 'सदका घे, त्याने तू त्यांना शुद्ध करशील.' चिकटलेला 'हुम' काही सांगत नाही, कारण तो 'क' नाही. मागे कर्ता म्हणून नाम आलेलं नाही. स्वरचिन्हं दोन्हींत सारखीच. वर सांगितलेली एकही कसोटी इथे निकाल देत नाही.

पण आयत तिथे संपत नाही. पुढे आहे, 'व तुजक्कीहिम बिहा', आणि त्यांना पावन करणे, 'तिच्याद्वारे'. 'बिहा'तली 'हा' म्हणजे सदका. 'सदका सदक्याद्वारे पावन करतो' हे ओढूनताणून होतं, म्हणून हा दुसरा 'त' बहुतेकांनी सरळ 'तू'चा धरला. मग पहिलाही 'तू'चाच धरायचा, म्हणजे 'आणि'ने जोडलेल्या दोन्ही क्रियापदांना एकच कर्ता मिळतो आणि 'बिहा' दोघांना लागू होतो? की पहिला 'त' सदक्याचा ठेवून दुसऱ्यावर कर्ता बदलायचा? अरबी भाष्यकारांनी दोन्ही शक्यता नोंदवून ठेवल्या आहेत, आणि वेगवेगळ्या भाषांतरकारांनी वेगवेगळी निवडली आहे. दोन भाषांतरं शेजारी ठेवली आणि या आयतीत फरक दिसला, तर मूळ पाठ वेगळा आहे असं समजू नये. पाठ एकच आहे. मराठीत 'करशील' की 'करील' यांतलं एक लिहिल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, म्हणून भाषांतरकाराला बाजू घ्यावी लागते. अरबी वाचणाऱ्याला ती घ्यावी लागत नाही.